कार्नोच्या आकृतीत परतीचं भाडं कुठं दिसतं?

भाचा सांगलीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री त्यानं थर्मोच्या, कार्नो इंजिनच्या स्लाइडचा फोटो पाठवला, तोच तो वाकडा पतंग, चार कोपरे, चार बाण, खाली Q_H आणि Q_C लिहिलेलं, आणि खाली विचारलं, मामा, घर्षण शून्य केलं तर कार्यक्षमता 100 टक्के का येत नाही, सगळ्या उष्णतेचं काम का होत नाही? म्हणलं, लेका नीट बघ की, या स्लाइडमधे घर्षण आधीच शून्य धरलंय. पिस्टन अजिबात घासत नाही, कुठून गळती नाही, सगळं आदर्श, आणि तरी उत्तर 50 टक्केच येतंय. म्हणजे चोर दुसरीकडंच आहे. तो त्याच आकृतीत दिसतो, फक्त आकृती वाचता आली पाहिजे, आणि ती वाचायला क्लासमधे कोण शिकवत नाही, डायरेक्ट फॉर्म्युला देतात.

तर आधी वाचायचं कसं. आडव्या अक्षावर V म्हणजे सिलिंडरमधल्या हवेनं किती जागा घेतलीय, उभ्यावर P म्हणजे ती पिस्टनवर किती दाब देतेय. वेळ यात कुठंच नाही हे लक्षात ठेवा, बरीच पोरं ही आकृती डावीकडून उजवीकडं वेळ सरकतोय अशी वाचतात आणि तिथंच गंडतात. रेष उजवीकडं चालली म्हणजे हवा फुगतेय, पिस्टन बाहेर ढकलतेय, काम देतेय. डावीकडं चालली म्हणजे आपण पिस्टन आत दाबतोय, काम आपल्याला घालावं लागतंय. आणि रेषेच्या खालची, थेट तळाच्या अक्षापर्यंतची जागा म्हणजे त्या टप्प्यातलं काम. दाब बारमधे आणि जागा लिटरमधे घेतली तर हिशोब फार सोपा होतो, 1 बार गुणिले 1 लिटर म्हणजे 100 ज्यूल. ग्राफपेपरवर चौकोन मोजले तरी काम निघतं.

आता खरे आकडे घेऊ, नाहीतर सगळं हवेतच राहील. सिलिंडरमधे 1 मोल हवा, म्हणजे साधारण 29 ग्रॅम. गरम बाजू 600 केल्विन म्हणजे 327 अंश सेल्सिअस, गार बाजू 300 केल्विन म्हणजे 27 अंश, सांगलीतली डिसेंबरातली दुपार समजा. सुरुवातीला हवा 10 लिटरमधे दाबून ठेवलीय, दाब जवळपास 5 बार. हा कोपरा 1.

1 पासून 2 पर्यंत आपण सिलिंडर 600 केल्विनच्या भट्टीला चिकटवून ठेवतो आणि पिस्टन हळूहळू बाहेर येऊ देतो, 10 लिटरचे 20 लिटर होईपर्यंत. हवा फुगताना काम करते म्हणजे तिची स्वतःची शक्ती खर्च होते, ती गार पडायला बघते, पण भट्टी लगेच भरपाई करते. म्हणून तापमान हलत नाही. हा आयसोथर्मल टप्पा. इथं नव्वद टक्के पोरांचा एक गैरसमज असतो की तापमान बदललं नाही म्हणजे उष्णता आत गेलीच नाही. उलटं आहे. उष्णता सतत आत येतेय, फक्त ती हवेत साठत नाही, आली की लगेच काम होऊन पिस्टनमधून बाहेर पडतेय. दाब 5 बारवरून 2.5 वर येतो, सरळ सरासरी काढली तर 3.75 येईल पण रेष मधे खाली झोळ खाते म्हणून खरी सरासरी 3.46 बार. गुणिले 10 लिटर, म्हणजे 3,458 ज्यूल काम.

आणि भट्टीतून उष्णता किती आली? तेवढीच. 3,458 ज्यूल. हेच स्लाइडवरचं Q_H.

इथं जरा थांबा, कारण मजा इथंच आहे. या टप्प्यात उष्णतेचं काम झालं पूर्ण शंभर टक्के! एक ज्यूलही वाया नाही. म्हणजे उष्णतेचं पूर्ण कामात रूपांतर होऊच शकत नाही असं जे पोरं पाठ करतात ते वाक्य अर्धवट आहे. एकदाच करायचं असेल तर होतं की. अडचण अशी की आता पिस्टन बाहेर आलाय, हवा 20 लिटर झालीय, आणि इंजिन म्हणजे एकदा ढकलून गप्प बसणारी वस्तू नव्हे. त्याला परत 10 लिटरवर, 5 बारवर, अगदी होतं तिथं यायला लागतं, तरच दुसरा फेरा सुरू होतो.

रात्री उशिरा सांगलीवरनं एखाद्या आडगावाला रिक्षा केली की रिक्षावाला दोन्ही बाजूचं भाडं मागतो, बरोबर? तो म्हणतो मला रिकामं परत यावं लागतंय. हवेलाही परत यावं लागतं आणि ते भाडं कोणीतरी भरतंच.

परतीचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे आल्या वाटेनं. भट्टीला चिकटूनच पिस्टन परत आत दाबायचा. पण मग तीच रेष, तीच खालची जागा, म्हणजे 3,458 ज्यूल काम आपल्याला घालावं लागणार आणि तेवढी उष्णता परत भट्टीत जाणार. हातात शून्य. दिवसभर दार उघडझाप केल्यासारखं. काही शिल्लक पाहिजे असेल तर परत येताना खालच्या रेषेवरून यायला पाहिजे, म्हणजे दाब कमी असताना दाबायला पाहिजे. आणि तेवढ्याच हवेचा त्याच जागेत दाब कमी कधी असतो? ती गार असली तर. तेव्हा गार बाजू लागते ती का, तर परतीचा प्रवास स्वस्त व्हावा म्हणून.

मग हवा गार करायची कशी. गरम सिलिंडर डायरेक्ट गार पाण्यात बुडवला तर होईल की, पण 600 वरून 300 वर उष्णता नुसती घसरून जाईल आणि त्या घसरणीतून एक ज्यूल काम मिळणार नाही. कोयनेचं पाणी टर्बाइनमधून न सोडता बाजूनं सोडून दिल्यासारखं, पाणी खाली गेलं ते गेलंच. कार्नोची हुशारी इथं दिसते. त्यानं काय केलं, भट्टी काढून घेतली, सिलिंडरला सगळीकडून गोधडी गुंडाळली, उष्णता ना आत ना बाहेर, आणि पिस्टन अजून बाहेर येऊ दिला. आता भरपाई करायला भट्टी नाही, त्यामुळं हवा स्वतःच्या जिवावर काम करते आणि आपोआप गार पडते. हा 2 पासून 3, अॅडियाबॅटिक टप्पा. याचा उलटा अनुभव सगळ्यांना आहे, सायकलला हातपंपानं जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं, तिथं विस्तव कुणी लावलेला नसतो, आपलं दाबण्याचं कामच हवेत शिरलेलं असतं.

स्लाइडवर नावं पुसली तर आयसोथर्मल कुठली आणि अॅडियाबॅटिक कुठली हे कसं ओळखायचं? दोन्ही रेषा जिथं भेटतात त्या कोपऱ्यावर बघा, जास्त खडी उतरते ती अॅडियाबॅटिक. कारण साधं आहे, एका रेषेत दाब फक्त जागा वाढल्यामुळं पडतोय, दुसरीत जागा वाढल्यामुळं आणि वर गार पडल्यामुळं असा दोन्हीकडून पडतोय. हवेसाठी तो खडेपणा बरोबर 1.4 पट असतो.

600 वरून 300 वर यायला हवेला किती फुगावं लागतं? 20 लिटरवरून 113 लिटर. होय, एकशे तेरा, साडेपाच पटीपेक्षा जास्त. दाब राहतो फक्त 0.22 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्याही खूप खाली. (बाहेरची हवा पिस्टनला ढकलत असते ते खरं, पण ती जाताना जेवढं घेते तेवढं येताना देते, पूर्ण फेऱ्यात तिचा हिशोब फिटतो.) आता स्लाइडकडं परत बघा. तिथं पतंग कसा गुबगुबीत काढलेला असतो, चारही बाजू साधारण सारख्या. ग्राफपेपरवर खऱ्या मापानं काढलात तर तो पतंग राहतच नाही, गवताच्या पात्यासारखी लांब बारीक चिरोटी दिसते, डावीकडं वर टोकदार आणि उजवीकडं जमिनीला घासत गेलेली. मी एकदा बसून काढली होती तर मलाच वाटलं आपलं गणित चुकलं. चुकलं नव्हतं. स्लाइडवाले वाचता यावं म्हणून फुगवून काढतात, त्यात वाईट काही नाही, पण सांगत नाहीत.

कोपरा 3 वरून परतीचा प्रवास. आता सिलिंडर 300 केल्विनच्या गार पाण्याला चिकटवायचा आणि हळूहळू दाबायचं, 113 वरून 56.6 लिटरपर्यंत. दाबताना आपण घातलेलं काम हवेला तापवू बघतं, पण पाणी ती उष्णता लगेच ओढून घेतं म्हणून तापमान 300 वरच राहतं. सरासरी दाब फक्त 0.306 बार, गुणिले 56.6 लिटर, म्हणजे 1,729 ज्यूल काम घातलं आणि 1,729 ज्यूल उष्णता पाण्यात गेली. हेच Q_C. हेच परतीचं भाडं. शेवटी 4 पासून 1, परत गोधडी गुंडाळायची आणि दाबायचं, हवा आपली आपण तापत 600 वर आणि 10 लिटरवर येते. 2-3 मधे हवेनं जे 6,236 ज्यूल दिले तेवढेच 4-1 मधे परत घेते, ते दोन्ही कटले. राहिलं 3,458 वजा 1,729, म्हणजे 1,729 ज्यूल निव्वळ. रेषांनी वेढलेल्या आतल्या जागेचं माप तेच. बाण घड्याळाच्या काट्यासारखे फिरत असतील तर एवढं काम मिळतं, उलटे फिरत असतील तर तेवढं घालावं लागतं आणि तो फ्रीज होतो.

निम्मं भाडं का लागलं? दोन्ही आयसोथर्मल टप्प्यात जागा दुप्पट-निमपट झाली, 10 चे 20 आणि 113 चे 56.6. गोधडीतल्या टप्प्यांनी दोन्ही कोपऱ्यांना सारखंच ताणलं, 5.66 पट, म्हणून हे प्रमाण जुळतं. मग फरक राहतो फक्त दाबाचा आणि दाब तापमानाच्या प्रमाणात असतो. तापमान निम्मं, भाडं निम्मं. म्हणून स्लाइडवर शेवटी तो फॉर्म्युला येतो, η म्हणजे कार्यक्षमता, T_H गरम बाजूचं तापमान, T_C गार बाजूचं:

```
η = 1 - T_C / T_H = 1 - 300 / 600 = 0.5
```

आता भाच्याच्या प्रश्नाला या. 100 टक्के पाहिजे म्हणजे परतीचं भाडं शून्य पाहिजे. म्हणजे 3-4 रेषेखालची जागा शून्य, म्हणजे ती रेष तळाच्या अक्षालाच टेकलेली, दाबच नाही. असं फक्त हवा 0 केल्विनवर असली तरच. बरं, जाऊन बघू त्या दिशेनं. गार बाजू 300 ऐवजी 150 केल्विन केली तर भाडं 864 ज्यूलवर येतं, कार्यक्षमता 75 टक्के, छान. पण तिथपर्यंत गार पडायला हवेला फुगावं लागतं 640 लिटरपर्यंत. अजून खाली गेलात की सिलिंडर अजून लांब, आणि 0 केल्विनसाठी सिलिंडरची लांबी अनंत लागते. त्याच्या आधीच हवा वायू राहत नाही, थिजते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 150 केल्विनची गार जागा आणणार कुठून? नदीचं पाणी आणि वारा एवढंच आपल्याकडं फुकट आहे. फ्रीज लावून गार जागा बनवली तर त्या फ्रीजला लागणारं काम मिळालेला सगळा फायदा खाऊन टाकतं. मग राहतं फक्त वरचं तापमान वाढवणं, तिथं लोखंड मऊ पडायला लागतं.

पुढचा प्रश्न हमखास येतो, की हे झालं हवेचं आणि या चार टप्प्यांचं, कोणीतरी वेगळं डोकं लढवून याच 600 आणि 300 मधे 60 टक्क्याचं इंजिन काढलं तर? काढू द्या. ते भट्टीतून 3,458 ज्यूल घेणार, 2,075 काम देणार आणि 1,383 नदीत सोडणार. आता त्याच्या कामातले 1,729 ज्यूल घ्या आणि आपला कार्नोवाला सिलिंडर उलटा फिरवा, फ्रीजसारखा. तो नदीतून 1,729 उचलेल आणि भट्टीला 3,458 परत करेल. भट्टीचा हिशोब फिटला, जेवढं गेलं तेवढं आलं. आपल्या हातात 346 ज्यूल काम उरलं आणि नदीतून तेवढीच उष्णता कमी झाली. म्हणजे कोळसा नाही, भुस्सा नाही, नुसतं कृष्णेचं पाणी जरा गार करून शेताची मोटर चालली! असं होत असतं तर नदीकाठच्या शेतकऱ्यानं वीजबिलाचं तोंड बघितलं नसतं. असं आजवर कधी कुठं झालेलं नाही, हेच थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाचं म्हणणं आहे, तो कुठल्या समीकरणातून निघालेला नाही, अनुभवातून आलाय. आणि या युक्तिवादात हवा कुठं आहे? नाहीच. वाफ घ्या, हेलियम घ्या, मर्यादा तीच.

गंमत म्हणजे हा युक्तिवाद करणाऱ्या सादी कार्नोला उष्णता म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं. 1824 च्या पुस्तकात त्यानं उष्णता पाण्यासारखी धरलीय, वरनं खाली पडते, चक्र फिरवते आणि खाली तेवढीच पोचते. कोयनेत ते बरोबर आहे, जेवढं पाणी वरनं सुटतं तेवढं खाली निघतं. उष्णतेचं तसं नाही, आपल्या हिशोबात 3,458 पडले आणि खाली 1,729 च पोचले, मधले काम झाले. हे कोडं 1850 च्या आसपास क्लाउझियस आणि केल्विन या शास्त्रज्ञांनी सोडवलं. कार्नो 1832 मधे छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्यानं गेला. आणि आपण ज्याला कार्नोची आकृती म्हणतो ती त्यानं काढलेलीच नाही, त्याच्या मागं दोन वर्षांनी, 1834 मधे, क्लापेरॉननं काढली.

परीक्षेतली एक चूक सांगून टाकतो कारण ती दरवर्षी होते. फॉर्म्युल्यात सेल्सिअस घालतात. 1 वजा 27 भागिले 327, उत्तर 92 टक्के. पोरगं खुश, कारण आकडा भारी दिसतो. आपल्या आकृतीत बघितलं तर कळतं का चूक, दाब सेल्सिअसच्या प्रमाणात नसतो, 27 अंशाला हवेचा दाब 327 अंशाच्या एक बारांश नसतो, निम्मा असतो. साध्या इंजिनचं उत्तर 80-90 च्या घरात आलं की आधी केल्विन तपासायचं.

आता खऱ्या जगात. 50 टक्के मिळत असतील तर कार्नो इंजिन कोणी बनवत का नाही? परत आकड्यांकडं बघा. बाहेर जाताना दोन टप्पे मिळून हवा 9,694 ज्यूल देते आणि आत येताना 7,965 परत घेते. त्या एवढ्या मोठ्या देवाणघेवाणीत शिल्लक 1,729. आता घर्षणात जाताना 10 टक्के आणि येताना 10 टक्के गेले असं धरा. जाताना मिळाले 8,725, येताना लागले 8,762. शिल्लक उणे 37! दहा टक्के घर्षणात अख्खं इंजिन बंद पडलं. बारीक चिरोटी म्हणलो ना, तिचा अर्थ हा. त्यात तापमान न हलवता उष्णता आतबाहेर करायची म्हणजे पिस्टन गोगलगायीच्या चालीनं हलवायला लागतो, पॉवर जवळपास शून्य.

वाफेच्या इंजिनात ही परतीची अडचण वेगळ्या तऱ्हेनं सोडवलीय. वाफ थंड करून आधी पाणी करतात आणि मग पाणी दाबून बॉयलरमधे ढकलतात, पाणी आकसत नाही त्यामुळं पंपाला काम फार थोडं लागतं. घर्षणाचा मार कमी बसतो. पण भाडं चुकलं का? नाही, वाफेचं पाणी करताना जी उष्णता सोडावी लागते तेच भाडं, आणि ते चांगलं जाडजूड असतं. आमच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीचं उदाहरण घ्या, भुश्श्यावर चालणारा बॉयलर, वाफ 480 अंशाच्या आसपास, कंडेन्सर 45 अंशाला धरला तर कार्नोची मर्यादा 58 टक्के निघते. प्रत्यक्षात नुसती वीज करायची म्हणलं तर तीसच्या आतबाहेर. भाच्यानं लगेच विचारलं, बाकीचं कुठं गेलं. बरंचसं यात गेलं की 480 हा आकडा फक्त शेवटचा आहे, पाण्यात सगळ्यात जास्त उष्णता शिरते ती ते उकळत असताना, साधारण 280 अंशाला, आणि बाजूला भट्टी हजार अंशांची. हजारावरून 280 वर उष्णता घसरली, मधे काम काही नाही. तेच ते पाणी बाजूनं सोडून देणं.

पण गाळप चालू असताना कारखाना एक वेगळीच गोष्ट करतो. टर्बाइनमधून वाफ पार गार होईपर्यंत ओढतच नाही, सव्वाशे अंशाच्या आसपास असतानाच सोडून देतो. फॉर्म्युल्यात बघितलं तर हा वेडेपणा आहे, T_C मुद्दाम वाढवलं, विजेची कार्यक्षमता पाडली. भाचा म्हणाला मग हे चूकच की. म्हणलं, ती वाफ पुढं जाते उसाचा रस आटवायला, तिथं उष्णता तशीही लागणारच होती. नदीला द्यायचं भाडं साखरेला दिलं.